तीन सैनिक आणि तीन कावळे: मूव्ह आधीच ताणलेली असेल तर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशकात ओळखीतले जे लोक स्विंग ट्रेडिंग करतात ना, कोणी कॉलेज रोडला दुकान सांभाळून, कोणी अंबडला शिफ्ट करून, त्यांच्याकडून चार्टवरच्या तीन सैनिक-तीन कावळे ह्या कँडल पॅटर्नबद्दल हे प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. बेसिक थोडक्यात उरकलंय, कारण तो पॅटर्न ओळखणं सोपंच आहे. अडतं ते पुढे, म्हणजे हाच पॅटर्न आधीच लांबलेल्या मूव्हच्या शेवटी आला तर त्याचा अर्थ काय लावायचा इथे. उदाहरणं समजवण्यासाठी आहेत, कुठला शेअर घ्या-विका असं मी सांगत नाहीये.

थ्री व्हाइट सोल्जर्स आणि थ्री ब्लॅक क्रोज म्हणजे नक्की काय?

सलग तीन मोठ्या हिरव्या कँडल, प्रत्येक कँडल आदल्या दिवशीच्या बॉडीच्या, म्हणजे ओपन ते क्लोजच्या पट्ट्याच्या, आत कुठेतरी ओपन होते आणि आदल्या दिवसाच्या वर, स्वतःच्या हायजवळ क्लोज होते. हे झाले तीन सैनिक. कावळे त्याच्या बरोब्बर उलट, सलग तीन मोठ्या लाल कँडल, प्रत्येक आदल्या बॉडीच्या आत ओपन आणि लोजवळ क्लोज. जपानी चार्टमध्ये पांढरी-काळी असतात म्हणून ती नावं, आपल्या स्क्रीनवर हिरवी-लाल दिसतात, बाकी काही फरक नाही.

पुस्तकी अर्थ असा की पडझडीनंतर तळाशी सैनिक आले तर वर जायची सुरुवात, आणि चढानंतर वरती कावळे आले तर खाली यायची सुरुवात. दोन्ही रिव्हर्सलचे पॅटर्न आहेत, म्हणजे त्यांच्या आधी उलट दिशेची मूव्ह असायलाच हवी. ही अट लोक हमखास विसरतात.

मग चढत्या शेअरमध्येच सैनिक आले तर? ते तर अजून बुलिश झालं ना?

इथेच खरी गडबड होते. शेअर दोन-अडीच महिने चढतोय, सगळीकडे त्याची चर्चा आहे, आणि आता सलग तीन दिवस दणदणीत हिरव्या कँडल आल्या. आकार तोच आहे पण रिव्हर्स करायला आधी खाली जाणारी मूव्हच नाहीये, त्यामुळे "नवीन तेजीची सुरुवात" हा अर्थ इथे लागूच होत नाही. मग उरतात दोनच शक्यता. एक म्हणजे ट्रेंड चालू आहे आणि अजून थोडा चालेल. दुसरी म्हणजे ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घाईघाईत शेवटचं घेऊन टाकलं आणि आता मागे कोणी उरलं नाही. दुसरीला आपण एक्झॉशन म्हणतो, मूव्हचा दम संपणं.

कावळ्यांचंही तसंच. शेअर ४० टक्के पडून झाल्यावर तीन मोठ्या लाल कँडल आल्या तर त्या "आता पडायला सुरुवात" सांगत नाहीत. पडायचं होतं ते बरंचसं पडून झालेलं असतं, आणि त्या तीन कँडलमध्ये बहुतेक वेळा घाबरून किंवा मार्जिन कॉलमुळे विकणारे लोक असतात.

पण असं का होतं? तीन दिवस जोरदार खरेदी ही कमजोरी कशी काय असू शकते?

लासलगावला कांद्याचा भाव बघा. भाव तळाला असताना तीन दिवस चढला तर शेतकरी माल चाळीतच ठेवतो, अजून चढेल म्हणतो, आवक वाढत नाही आणि भावाला वर जायला जागा मिळते. तेच भाव महिनाभर चढून झालेत आणि वरती अजून तीन दिवस उसळी आली तर ज्याच्या ज्याच्या चाळीत उन्हाळ कांदा पडलाय तो ट्रॅक्टर भरून निघतो, कारण त्याला आता नफा दिसतोय आणि तो जाईल ही भीती पण वाटतेय.

शेअरमध्येही हेच चालतं. खालून घेतलेल्यांच्या हातात मोठा नफा असतो आणि त्यांना विकायला गिऱ्हाईक हवं असतं, ते गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या हिरव्या कँडलला राहवत नाही म्हणून घेणारे. शॉर्ट केलेले लोकही ह्याच तीन दिवसात हात वर करून कव्हर करतात, म्हणजे खरेदी दिसते पण ती एकदाच होणारी खरेदी असते, उद्या परत येणारी नाही. चौथ्या दिवशी घेणारे कमी आणि विकणारे तेवढेच किंवा जास्त. पडताना हेच उलटं, मार्जिन कॉलवाल्यांची विक्री संपली की जबरदस्तीचा सप्लाय संपतो आणि थोडीशी खरेदी पण भाव उचलायला पुरते.

"आधीच ताणलेली" हे मोजायचं कसं? नजरेने तर सगळंच ताणलेलं वाटतं.

मी एकच गोष्ट मुख्य मानते: २० दिवसांच्या ॲव्हरेजपासून भाव किती लांब आहे आणि ते अंतर एटीआरच्या किती पट आहे. एटीआर म्हणजे तो शेअर एका दिवसात साधारण किती रुपये हलतो ते, १४ दिवसांचा घ्यायचा. टक्क्यात का नाही? कारण एफएमसीजीचा संथ शेअर ८ टक्के लांब गेला तर ते खूप झालं आणि एखादा स्मॉलकॅप ८ टक्के रोजच हलतो. एटीआरने भागलं की दोघं एका मापात येतात.

माझे आकडे असे, हे नियम नाहीत, कामचलाऊ माप आहे: दोन पटीपर्यंत नॉर्मल, तीनच्या वर गेलं की ताणलेलं समजून सावध, चारच्या वर म्हणजे फारच ताणलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक लोक चुकवतात. हे अंतर पहिल्या सैनिकाच्या आदल्या दिवशीच्या क्लोजला मोजायचं. तिन्ही कँडल झाल्यावर मोजलं तर कुठलेही सैनिक ताणलेलेच दिसणार, कारण तीन मोठ्या कँडलनीच ते अंतर तयार केलेलं असतं. समजा शेअर चार महिने एका रेंजमध्ये पडून होता, ॲव्हरेज सपाट होती, आणि तीन सैनिकांनी ब्रेकआउट दिला. तिसऱ्या दिवशी तो ॲव्हरेजपासून तीन एटीआर लांब दिसेल पण आदल्या दिवशी अंतर जवळपास शून्य होतं. ही मूव्ह ताणलेली नाही, ही तर आत्ता सुरू झाली. उलट आदल्या दिवशीच अंतर तीन पट होतं आणि त्यावर सैनिक आले तर ते खरे "आधीच ताणलेल्या" मूव्हवरचे सैनिक. हा एक फरक पकडलात तर निम्मा गोंधळ मिटतो.

ट्रेडिंगव्ह्यूवर बघायचं असेल तर एवढं पुरे:

```
//@version=5
indicator("stretch")
d = (close - ta.sma(close, 20)) / ta.atr(14)
plot(d)
hline(3)
hline(-3)
```

आरएसआय ८० च्या वर असणं पुरेसं नाही का?

नाही. आरएसआय भावाच्या चालीतला जोर शंभरपैकी मोजतो, आणि जोरात चालणाऱ्या शेअरचा तो कितीतरी दिवस ७०-८० च्या वर राहू शकतो आणि सुरुवातीच्या दमदार ब्रेकआउटमध्ये पण तो वरच असतो. मला आरएसआय एवढ्याचसाठी लागतो की भावाने नवीन हाय केला आणि आरएसआयने केला नाही असं तिसऱ्या सैनिकाला दिसतंय का, दिसलं तर संशय वाढतो. एकट्या आरएसआयवर मी काही ठरवत नाही.

एक पूर्ण उदाहरण द्या ना, आकड्यांसकट.

समजण्यासाठी बनवलेलं उदाहरण आहे, खरा शेअर नाही. एक मिडकॅप अडीच महिन्यात ३४० वरून ४६१ ला आलाय. ४६१ ला क्लोज झाला त्या दिवशी २० दिवसांची ॲव्हरेज ४२८ आहे, एटीआर १० रुपये. अंतर ३३ रुपये, म्हणजे ३.३ पट. सैनिक यायच्या आधीच सावध झोन.

आता तीन दिवस असे:

पहिला दिवस ओपन ४६२, हाय ४७७, लो ४६०, क्लोज ४७६. बॉडी १४ रुपयांची, वरची विक, म्हणजे बॉडीच्या वर निघालेली काडी, फक्त १ रुपया, व्हॉल्यूम १२ लाख.
दुसरा दिवस ओपन ४७२, हाय ४९२, लो ४७०, क्लोज ४८९. बॉडी १७, विक ३, व्हॉल्यूम १५ लाख.
तिसरा दिवस ओपन ४८६, हाय ५०४, लो ४८४, क्लोज ४९७. बॉडी ११, विक ७, व्हॉल्यूम २६ लाख.

लांबून बघितलं तर तीन सुंदर सैनिक. जवळून बघा, तिसऱ्या दिवशी व्हॉल्यूम जवळजवळ पावणेदोन पट झालं पण बॉडी १७ वरून ११ वर आली. म्हणजे जास्त पैसा ओतून कमी अंतर कापलं गेलं. ५०० च्या वर जाऊन ७ रुपये परत खाली ढकललं, म्हणजे ५०० च्या आसपास कोणीतरी निवांतपणे माल देत बसलंय. आणि आता ॲव्हरेज ४४१ च्या आसपास, एटीआर १२, अंतर ५६ रुपये, म्हणजे ४.७ पट.

चौथा दिवस ओपन ४९८, हाय ५०१, लो ४८१, क्लोज ४८३. तिसऱ्या सैनिकाची बॉडी ४८६ ते ४९७, तिचा मध्य ४९१.५० आणि लो ४८४. कन्फर्मेशनचा माझा नियम एवढाच की क्लोज त्या मध्याच्या खाली हवा, आणि चौथ्या दिवसाचा क्लोज तर लोच्याही खाली. इथे मी म्हणते की एक्झॉशन कन्फर्म झालं. तिसऱ्या दिवशी फक्त संशय होता.

कन्फर्म झालं म्हणजे शॉर्ट करायचं का?

थांबा. एक्झॉशन म्हणजे "ह्या दिशेने आता नवीन पैसा टाकू नका आणि आहे तो नफा सांभाळा" एवढंच. ट्रेंड उलटला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. वरच्या उदाहरणात पुढे दोन गोष्टी होऊ शकतात, एकतर भाव ४४५-४५० कडे ॲव्हरेजला भेटायला खाली येईल, नाहीतर तो ४७५ ते ५०० मध्ये तीन-चार आठवडे लोळेल आणि ॲव्हरेजच वर येऊन त्याला भेटेल. दुसऱ्या केसमध्ये शॉर्टवाला काहीच न कमावता वैतागून बाहेर पडतो. शिवाय आपल्याकडे कॅश मार्केटमध्ये शॉर्ट फक्त इंट्राडे करता येतं, पोझिशन घरी न्यायची तर फ्युचर किंवा पुट लागतो, म्हणजे शेअर एफ अँड ओ मध्ये हवा आणि लॉटचं मार्जिन हवं. बऱ्याच मिडकॅपवाल्यांचा हा प्रश्न तिथेच संपतो.

मग ज्याच्याकडे आधीपासून शेअर आहे त्याने काय करायचं?

वरच्याच उदाहरणात ३८० ला घेतलेला माणूस धरा. तिसऱ्या सैनिकाला पूर्ण विकायची गरज नाही, कारण ताणलेली मूव्ह अजून ताणली जाऊ शकते, तसं पुष्कळदा होतं. मी अशा वेळी अर्धी क्वांटिटी तिसऱ्या दिवशीच हलकी करते आणि उरलेल्या अर्ध्याचा स्टॉपलॉस तिसऱ्या सैनिकाच्या लोखाली, म्हणजे ४८३ च्या आसपास आणते. शेअर ५४० ला गेला तरी अर्धा माल आहे, पडला तर अर्धा ४९७ ला आणि अर्धा ४८३ ला गेलेला असतो.

आणि ज्याला नवीन घ्यायचाय?

त्याच्यासाठी गणित साधं आहे आणि तेच त्याला वाचवतं. सैनिकांचा स्टॉपलॉस नियमाने पहिल्या सैनिकाच्या लोखाली असतो, म्हणजे इथे ४६० च्या खाली. ४९७ ला घेतलं तर शेअरमागे ३७ रुपये रिस्क, जवळजवळ साडेसात टक्के. दोन लाखाचं कॅपिटल आणि एका ट्रेडला एक टक्का म्हणजे २,००० रुपये रिस्क धरली तर फक्त ५४ शेअर येतात. बरं, रिस्क ३७ ची घेतली तर निदान ७४ रुपये वर मिळायला हवेत ना? म्हणजे ५७१. अडीच महिने चढून झालेल्या, ॲव्हरेजपासून ४.७ पट लांब असलेल्या शेअरकडून अजून ७४ रुपयांची अपेक्षा, आणि मध्ये ४४५ पर्यंतचं करेक्शन येता कामा नये. नाही जमत हो हे. काही जण म्हणतात मग स्टॉप जवळ ठेवतो, ४८८ ला. एटीआर १२ चा असताना ९ रुपयांचा स्टॉप म्हणजे एका साध्या दिवसात उडणारा स्टॉप.

आता कावळ्यांचं खरं उदाहरण सांगा, मार्केटमधलं.

मार्च २०२० चा निफ्टी घ्या, कारण ह्याच्याइतकं शिकवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २० जानेवारी २०२० ला निफ्टीने १२,४३० चा हाय केला होता. १३ मार्चला क्लोज ९,९५५, म्हणजे वीस टक्के आधीच गेलेले. त्या दिवशी २० दिवसांची ॲव्हरेज ११,३५० च्या आसपास येते, अंतर सुमारे १,४०० पॉइंट, एटीआर चारशेच्या आसपास धरला तर तिपटीहून जास्त. म्हणजे कावळे यायच्या आधीच मूव्ह ताणलेली होती.

मग १६ मार्चला ओपन साधारण ९,५८८ आणि क्लोज ९,१९७. १७ ला ओपन ९,२८५, म्हणजे आदल्या बॉडीच्या आत, क्लोज ८,९६७. १८ ला ओपन ९,०८८, परत आदल्या बॉडीच्या आत, क्लोज ८,४६९. तिन्ही दिवस क्लोज लोजवळ. अगदी पाठ्यपुस्तकातले तीन कावळे, फक्त जागा चुकीची, वरती यायच्या ऐवजी पडझडीच्या पोटात आलेले. १८ तारखेला ॲव्हरेजपासून अंतर जवळजवळ २,४०० पॉइंट झालं होतं, बावीस टक्के.

एक्झॉशन दिसलं का? दिसलं. १९ मार्चला ८,०६३ ला गॅपडाउन ओपन होऊन, खाली ७,८३२ पर्यंत जाऊन ८,२६३ ला क्लोज, म्हणजे कँडल हिरवी. २० मार्चला क्लोज ८,७४५. ज्यांनी १८ तारखेच्या शेवटी घाबरून नवीन शॉर्ट टाकला ते दोन दिवसात पावणेतीनशे पॉइंट तोट्यात होते.

आणि मग सोमवारी, २३ मार्चला, निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० ला क्लोज झाला.

म्हणजे एक्झॉशन सिग्नल फेल गेला?

ज्याने त्याला "बॉटम झाला" असं समजून घेतलं त्याच्यासाठी फेल गेला. ज्याने वर सांगितलेला कन्फर्मेशनचा नियम लावला तो मात्र बाहेर राहिला. नियम तोच, उलटा करून: तिसऱ्या कावळ्याच्या बॉडीच्या मध्याच्या वर क्लोज हवा. १८ मार्चच्या कावळ्याची बॉडी ९,०८८ ते ८,४६९, मध्य ८,७७८. २० मार्चचा क्लोज ८,७४५. तेहेतीस पॉइंट कमी पडले. कन्फर्मेशन मिळालंच नाही.

मी हे पण सांगते की ते ३३ पॉइंट म्हणजे नियमाची जादू नव्हे, शेवटच्या अर्ध्या तासात थोडी खरेदी जास्त झाली असती तर नियम पूर्ण झाला असता आणि सोमवारी खड्ड्यात गेला असता. म्हणून एवढ्या हलत्या बाजारात कन्फर्मेशन मिळालं तरी क्वांटिटी छोटी आणि वीकेंडला ओव्हरनाइट रिस्क कमी, हे दोन्ही सोबत लागतात. पुढे ७ एप्रिलला ८,७९२ ला क्लोज होऊन तो मध्य पार झाला. तळ मध्येच २४ मार्चला ७,५११ ला होऊन गेला होता. तळ कोणाला सापडला नाही, पण मध्य पार झाल्यावर घेणाऱ्याला २३ मार्च बघावा लागला नाही.

दम संपल्याचं लक्षण म्हणजे कँडल छोट्या होत जाणं की मोठ्या होत जाणं? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही बरोबर आहे, प्रकार वेगळे आहेत. एकात मूव्ह हळूहळू थकते. बॉडी लहान होत जातात, विक लांब होत जातात. ह्याला ॲडव्हान्स ब्लॉक म्हणतात. तिसरी कँडल एकदमच छोटी, दुसरीच्या टोकाला चिकटलेली आली तर डेलिबरेशन किंवा स्टॉल्ड पॅटर्न. वरचं ५०० वालं उदाहरण ॲडव्हान्स ब्लॉककडे झुकणारं आहे. हा प्रकार शांत असतो, ह्यात बाहेर पडायला वेळ मिळतो.

दुसऱ्यात उलट, प्रत्येक कँडल आधीच्यापेक्षा मोठी, तिसरी तर अख्ख्या मूव्हमधली सगळ्यात मोठी, व्हॉल्यूम कधी नव्हे इतकं. ह्याला क्लायमॅक्स म्हणा. मार्च २०२० चे कावळे ह्या बाजूचे, १८ तारखेची बॉडी सहाशेच्या वर, आधीच्या दोघांपेक्षा मोठी. क्लायमॅक्समध्ये वळण अचानक येतं आणि दोन्ही बाजूला झटके बसतात, त्यामुळे इथे "थोडं थांबून बघू" महाग पडतं, नफा असेल तर त्याच दिवशी काही भाग घ्यायचा.

दोन्हीच्या मधले, म्हणजे तिन्ही बॉडी जवळपास सारख्या, विक छोट्या, व्हॉल्यूम साधारण, असे सैनिक ताणलेल्या जागी आले तरी मी त्यांना एक्झॉशन म्हणत नाही. स्टॉप वर घेते आणि ट्रेंडला चालू देते.

शेअर रोज गॅपअप ओपन होतो, आदल्या बॉडीच्या आत ओपन होतच नाही. मग सैनिक धरायचे का?

पुस्तकाप्रमाणे नाही. पण ताणलेल्या जागी सलग गॅपने आलेल्या हिरव्या कँडल सैनिकांपेक्षा जास्त संशयास्पद, कारण सैनिकात रोज सकाळी थोडी विक्री येऊन ती पचवली जाते, गॅपमध्ये ती पचवणं होतच नाही, सगळं खाली रिकामं राहतं.

अप्पर सर्किट लागलेल्या तीन कँडल?

त्या सैनिक नाहीत. सर्किटला भाव गोठलेला असतो, विकणारा नाही म्हणून व्हॉल्यूम नाही, बॉडीचा आकार बाजाराने नव्हे, प्राइस बँडने ठरवलेला असतो. लोअर सर्किटच्या लाल कँडल तर अजून वाईट, तिथे "विक्री संपली" असं वाटतं पण विकायची ऑर्डर लाईनमध्ये उभीच असते. ५ किंवा १० टक्क्यांच्या बँडमधल्या शेअरला हा सगळा अभ्यास लावू नका.

रिझल्ट किंवा घोटाळ्याच्या बातमीने कावळे आले तर?

तेव्हा ॲव्हरेजपासूनचं अंतर निरुपयोगी होतं. बातमीने कंपनीची किंमतच बदलली असेल तर जुनी ॲव्हरेज ही जुन्या कंपनीची ॲव्हरेज आहे, भाव तिच्याकडे परत का यावा? बातमी नसताना, भीतीने किंवा सगळा बाजार पडतोय म्हणून पडलेल्या शेअरला एक्झॉशन लागू होतं. स्प्लिट-बोनसच्या आधी-नंतरचा चार्ट ॲडजस्टेड आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर खोटं अंतर दिसतं.

स्कॅनरने रोज सैनिक-कावळ्यांची यादी मिळते, ती पुरेशी आहे ना?

यादी म्हणून ठीक. टीए-लिब ह्या रेडीमेड कोड-लायब्ररीवर चालणारे स्कॅनर `CDL3WHITESOLDIERS` आणि `CDL3BLACKCROWS` वापरतात, आणि ही दोन्ही फंक्शन ट्रेंड बघतच नाहीत, फक्त कँडलचा आकार बघतात. तळातले सैनिक असोत की शिखरावरचे, दोघांना सारखेच १०० मिळतात. कावळ्यांच्या आदल्या दिवशी एक हिरवी कँडल असली की ते कुठेही आले तरी उणे १००. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावाला आदल्या दिवशीचं अंतर तुम्हालाच लावायचंय. सोबत `CDLADVANCEBLOCK` आणि `CDLSTALLEDPATTERN` पण चालवा, सैनिकवाल्या यादीत जे बसत नाहीत असे थकलेले शेअर तिथे सापडतात.

मी अंबडला कंपनीत आहे, दिवसा फोन बघता येत नाही. हे मला जमेल का?

उलट तुम्हाला जास्त जमेल, कारण हे सगळं डेली क्लोजवर आहे. साडेतीनला मार्केट बंद, घरी येऊन जेवण झालं की वीस मिनिटं चार्ट. तिसरा सैनिक ताणलेल्या जागी दिसला तर ब्रोकरच्या ॲपवर रात्रीच जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप सुटणारी ऑर्डर टाकायची: अर्ध्या क्वांटिटीला तिसऱ्या सैनिकाच्या हायच्या जरा खाली विक्री, उरलेल्याला लोच्या खाली स्टॉप. एक सांभाळा, जीटीटी ट्रिगर झाली की आत लिमिट ऑर्डर जाते, त्यामुळे स्टॉपची लिमिट ट्रिगरपेक्षा थोडी खाली ठेवा, ४८३ ट्रिगर असेल तर ४७९-४८० लिमिट, नाहीतर गॅपडाउन ओपन झालं की ऑर्डर तशीच पडून राहते आणि तुम्हाला संध्याकाळी कळतं.